ट्रफच्या नळीवरची वेळ: व्हँकोमायसिन, अमिकासिन आणि किडनी

प्रश्न: मी वॉर्डात स्टाफ नर्स आहे. व्हँकोमायसिनच्या ट्रफसाठी, म्हणजे पुढच्या डोसआधी रक्तात उरलेली सर्वांत कमी लेव्हल बघायला, डोसच्या अर्धा तास आधी रक्त काढा, असं सांगतात. वेळ थोडी पुढंमागं झाली तर खरंच एवढं बिघडतं का? क्रिएटिनिन तर रोज जातंच, मग लेव्हल कशाला? आणि सोबत अमिकासिन चालू असेल तर किडनी वाचवायला नक्की काय करायचं असतं?

उत्तर: बिघडतं. पण वेळ चुकली यानं बिघडतं त्यापेक्षा ती चुकल्याचं कुणी लिहिलं नाही, यानं जास्त बिघडतं. उशिरा काढलेलं किंवा लवकर काढलेलं रक्तसुद्धा मला चालतं, फक्त डोस कधी सुरू झाला आणि रक्त कधी काढलं हे दोन्ही आकडे खरे हवेत. ते खोटे असतील तर लॅबनं कितीही अचूक मोजलं तरी त्या रिपोर्टचा अर्थ लावता येत नाही.

मी क्लिनिकल फार्मसिस्ट आहे आणि माझ्या दिवसाचा बराच भाग या लेव्हल वाचण्यात जातो. तुमचे तिन्ही प्रश्न एकाच रुग्णाच्या निमित्तानं माझ्यासमोर आले होते. तीच केस सांगतो, कारण त्यात चुकलेली वेळही आहे आणि खरंच दुखावलेली किडनीही.

बाई अठ्ठावन्न वर्षांच्या, वजन ६० किलो. रक्तात एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिक्सना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस जंतू, निघाला होता. ताप आला तेव्हा जंतू कोणता ते माहीत नव्हतं, म्हणून व्हँकोमायसिनबरोबर अमिकासिन हे दुसरं अँटिबायोटिकही सुरू झालं होतं. व्हँकोमायसिनचा पहिला डोस १५०० मिलिग्रॅम, पुढे दर बारा तासांनी १ ग्रॅम, तासाभरात जाईल असा. अमिकासिन ९०० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. सुरुवातीचं क्रिएटिनिन ०.८.

तिसऱ्या दिवशी रात्री रेसिडेंट डॉक्टरांचा फोन आला. ट्रफ २१.६ आला आहे, मी डोस निम्मा करतोय, चालेल ना? घाबरणं साहजिक होतं. सोबत अमिकासिन आणि त्यात ट्रफ वीसच्या वर. मी म्हटलं, दहा मिनिटं थांबा, मी खाली येतो.

चार्टवर सकाळच्या आठच्या डोससमोर टिक होती आणि सही होती. नमुना संध्याकाळी सातला काढलेला होता. म्हणजे कागदावर सगळं बरोबर. आठला डोस, पुढचा डोस रात्री आठला, त्याच्या तासभर आधी रक्त. पण क्रिएटिनिन ०.८चं ०.८च होतं आणि लघवी भरपूर होत होती. अशा बाईंच्या अंगात अकरा तासांनी एवढं औषध उरणं मला पटेना. इन्फ्यूजन पंपाची नोंद उघडली. त्यात इन्फ्यूजन सुरू झाल्याची वेळ होती दुपारी ३, संपल्याची ४.

सिस्टरना विचारलं तेव्हा उलगडा झाला. सकाळी हाताची आयव्ही सुजली होती. शीर मिळेना. तेवढ्यात बाईंना इकोसाठी नेलं, तिथे दोन तास गेले. परत आल्यावर नवी आयव्ही घातली आणि डोस तीनला लागला. टिक मात्र औषध काढून ठेवलं तेव्हाच झाली होती. यात कुणाचा हलगर्जीपणा होता असं मी म्हणणार नाही, अशी टिक कुठल्याही गर्दीच्या वॉर्डात होते. पण परिणाम असा झाला की ट्रफ म्हणून गेलेलं रक्त प्रत्यक्षात डोस संपल्यावर तीन तासांनी काढलेलं होतं. तेव्हा २१.६ असणं अगदी योग्यच होतं.

डोस निम्मा केला असता तर काय झालं असतं, ते पुढच्या हिशोबातून कळेल. आधी एवढं केलं की रात्री आठचा डोस दिला नाही, कारण मागचा संपून चारच तास झाले होते. वेळापत्रकच सरकवलं, पहाटे ३ आणि दुपारी ३ असं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या डोसनंतर दोन नमुने मागवले. पहिला नमुना डोस संपल्यावर दोन तासांनी, संध्याकाळी ६ला. दुसरा पुढच्या डोसच्या अर्धा तास आधी, रात्री अडीचला. सिस्टरना सांगितलं की वेळ चुकली तरी चालेल, पण घड्याळात जे वाजलं असेल तेच नळीवर लिहा. आणि रक्त दुसऱ्या हातातून घ्या. ज्या लाइनमधून व्हँकोमायसिन जातं तिच्यातूनच नमुना घेतला तर नळीत चिकटून राहिलेलं औषध रक्ताबरोबर येतं आणि लेव्हल भलतीच चढते. सेंट्रल लाइनमधून घेण्यावाचून इलाज नसेल तर औषध न जाणाऱ्या ल्युमेनमधून, नीट फ्लश करून, सुरुवातीचं रक्त टाकून घ्यायचं आणि तसं लिहायचं.

रिपोर्ट आले २८ आणि १४, दोन्ही मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. साडेआठ तासांत लेव्हल बरोबर निम्मी झाली. आकडे इतके सोपे क्वचितच येतात, पण त्यामुळे इथे दाखवायला बरे. औषध निम्मं व्हायला साडेआठ तास लागतात, एवढं कळलं की बाकीचं कागदावर होतं. यात k म्हणजे औषध घटण्याचा दर तासाचा वेग, Cmax म्हणजे डोस संपतानाची लेव्हल, Cmin म्हणजे पुढच्या डोसच्या क्षणाची लेव्हल:

```
k     = ln(28/14) / 8.5          = 0.0815
Cmax  = 28 × e^(0.0815 × 2)      = 33
Cmin  = 14 × e^(-0.0815 × 0.5)   = 13.4
AUC12 = (33 + 13.4)/2 + (33 - 13.4)/0.0815 = 264
AUC24 = 264 × 2                  = 528
```

शेवटची ओळ महत्त्वाची. एयूसी म्हणजे दिवसभरात शरीराला औषधाचा एकूण सहवास किती मिळाला, आलेखाच्या भाषेत रेषेखालचं क्षेत्रफळ. २००९च्या मार्गदर्शक सूचनांत गंभीर संसर्गासाठी ट्रफ १५ ते २० ठेवा असं होतं, आणि आम्ही सगळे वर्षानुवर्षं त्याच्यामागे धावत होतो. त्यात किडनीला इजा होण्याचं प्रमाण वाढताना दिसलं. २०२०मध्ये त्या सूचना बदलल्या. गंभीर एमआरएसए संसर्गात एयूसी आणि एमआयसी यांचं गुणोत्तर ४०० ते ६०० ठेवायचं. एमआयसी म्हणजे जंतूची वाढ रोखायला लागणारं औषधाचं किमान प्रमाण, ती बहुतेक वेळा १ धरायची. ४००च्या खाली औषध कमी पडण्याची भीती, ६००च्या वर किडनीची. आपल्या बाई ५२८वर होत्या, म्हणजे जिथे हव्या तिथेच. १४चा ट्रफ जुन्या नियमानं कमी ठरला असता आणि कुणीतरी डोस वाढवला असता. आणि त्या रात्री २१.६ पाहून डोस निम्मा केला असता तर एयूसी २६४वर आला असता, रक्तात एमआरएसए असताना.

म्हणून रक्त काढण्याची वेळ. एकाच डोसवर, एकाच माणसात, एक आकडा डोस वाढवायला सांगतो आणि दुसरा निम्मा करायला, फरक फक्त घड्याळाचा.

सगळीकडे दोन नमुने घेतात असं नाही. ज्या ठिकाणी बेझियन पद्धतीचं, म्हणजे आधीच्या रुग्णांच्या माहितीशी ताडून अंदाज बांधणारं, सॉफ्टवेअर आहे तिथे एका नमुन्यावरही एयूसीचा अंदाज निघतो आणि तो नमुना ट्रफच असावा असंही बंधन नसतं. पण त्या सॉफ्टवेअरला तुम्ही चार्टवरची आठची टिक दिली असती तर त्यानंही या बाईंची किडनी बिघडली आहे असंच बिनचूक गणित करून सांगितलं असतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, क्रिएटिनिन असताना लेव्हल कशाला. केस इथे संपली असती तर मी म्हटलं असतं, डोस पुरतो का ते बघायला. पण सहाव्या दिवशी पुढचा भाग घडला.

तीच वेळ, तोच डोस, दुसऱ्या हातातून काढलेलं रक्त. ट्रफ १९. या वेळी मी स्वतः पंपाची नोंद आणि नळी दोन्ही पाहिली, वेळेत काही खोट नव्हती. क्रिएटिनिन ०.८चं ०.९ झालं होतं, त्या सकाळी १.०. लॅबच्या छापील मर्यादेत असल्यामुळे शेजारी धोक्याची चांदणी छापलेली नव्हती, आणि चांदणी नाही म्हणजे राउंडमध्ये त्या आकड्यावर कुणी थांबत नाही.

औषधाचं शरीरातलं आकारमान तेच धरून उलटा हिशोब केला तर निम्मं व्हायला लागणारा वेळ साडेआठवरून साडेदहा तासांवर गेला होता. किडनीची औषध बाहेर टाकण्याची क्षमता साधारण एक पंचमांशानं घटली होती. आता हे बघा. क्षमता एक पंचमांशानं घटली तर क्रिएटिनिन ०.८वरून १.०वर जाईल, आणि तेवढंच गेलं. एयूसी ५२८वरून ६५०च्या आसपास गेला. ट्रफ मात्र १४वरून १९वर, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढला. ट्रफ म्हणजे बारा तास औषध वाहून गेल्यावर तळाशी उरलेलं. वाहण्याचा वेग थोडा मंदावला तरी तळाशी उरणारं प्रमाण जास्त बदलतं. क्रिएटिनिन आणि ट्रफ दोन्ही एकच गोष्ट सांगत होते, ट्रफनं ती मोठ्या आवाजात सांगितली. एयूसीच्या जमान्यातही मी ट्रफ बघायचा सोडलेला नाही, तो याच कारणासाठी. तो पुरेपणाचं माप म्हणून फारसा कामाचा नाही, पण डोस न बदलता तो वर सरकू लागला तर मी त्याच तासाला वॉर्डात जातो.

किडनीला अचानक इजा झाली असं म्हणायला ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ वाढावं लागतं, किंवा आठवड्यात मूळच्या दीडपट व्हावं लागतं. आपल्या बाई या दोन्ही रेषांच्या अलीकडे होत्या. व्याख्येत बसण्याची वाट पाहिली असती तर आणखी दोन-तीन डोस ६५०च्या वेगानं गेले असते.

पण एक गल्लत इथे नेहमी होते. ट्रफ वाढला म्हणून किडनी बिघडली, की किडनी बिघडली म्हणून ट्रफ वाढला? बहुतेक वेळा दुसरं आधी होतं आणि मग पहिलं त्यात भर घालतं. म्हणून ट्रफ वाढलेला दिसला की फक्त व्हँकोमायसिनचा डोस कमी करून मी थांबत नाही, किडनीला दुसरं कोण त्रास देतंय ते शोधतो. इथे संशयित समोरच होता.

अमिकासिन अजून चालू होतं. सहा डोस झाले होते. ज्या ग्रॅम निगेटिव्ह जंतूंच्या शंकेसाठी ते सुरू केलं, ते कल्चरमध्ये तिसऱ्या दिवशीच नाहीत असं कळलं होतं. रिपोर्ट फाइलला लागला, एमआरएसएवर चर्चा झाली आणि अमिकासिन रोज सकाळी जात राहिलं, कारण ते थांबवा असं कुणी लिहिलं नाही. सुरू करणाऱ्याची सही असते, चालू ठेवण्याला सही लागत नाही.

अमिकासिनची लेव्हल केली नव्हती का? केली होती, दुसऱ्या दिवशी आणि सहाव्या दिवशी, पुढच्या डोसच्या आधी. दोन्ही वेळा मोजता न येण्याइतकी कमी. त्यामुळे सगळे निश्चिंत. ही निश्चिंतता फसवी आहे, आणि ती का फसवी आहे हे कळण्यासाठी औषध किडनीत काय करतं ते थोडं बघावं लागेल.

अमिकासिन, जेंटामायसिन ही औषधं किडनीच्या गाळणीतून लघवीच्या नलिकेत उतरतात. बहुतेक तशीच बाहेर जातात, पण थोडा भाग नलिकेच्या सुरुवातीच्या पेशी आत ओढून घेतात. त्या पेशींच्या पृष्ठभागावर मेगॅलिन नावाचं प्रथिन असतं, ते हे धन प्रभाराचे रेणू पकडतं. आत गेलेलं औषध लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या कचरापेटीत साठतं. चरबीसारखे पदार्थ तिथे मोडले जात नाहीत, पिशव्या फुगतात, शेवटी पेशी मरते. रक्तातून औषध दोन-तीन तासांत निम्मं होतं, पण या पेशींतून निघायला कित्येक दिवस लागतात. म्हणून रक्तातला ट्रफ शून्याजवळ आणि पेशी गच्च भरलेल्या, हे एकाच वेळी असू शकतं. दिवसातून एकदा देण्याच्या पद्धतीत ट्रफ चढू लागेपर्यंत गाळणीचं काम बरंच घटलेलं असतं.

मग एकदम मोठा डोस का देतात? ९०० मिलिग्रॅम ऐकून दडपण येतं, तीन वेळा ३०० बरं वाटतं. उलट आहे. मेगॅलिनची ओढण्याची क्षमता मर्यादित आहे, एका वेळी ठरावीकच. रक्तात लेव्हल फार उंच गेली तर जादा औषध न पकडलं जाता लघवीतून निघून जातं, आणि मग दिवसाचा मोठा भाग पेशींना ओढायला काही मिळत नाही. तेच औषध दिवसभर थोडं थोडं मिळत राहिलं तर पेशी दिवसभर थोडं थोडं साठवत राहतात. ज्यांची किडनी शस्त्रक्रियेनं काढायचीच होती अशा रुग्णांना आधी जेंटामायसिन देऊन, काढलेल्या किडनीत ते मोजून हे तपासलं गेलं आहे. एकदम दिलेल्यांच्या किडनीत ते संथ ठिबकलेल्यांपेक्षा कमी साठलं होतं. जंतूंच्या बाजूनंही उंच पीकच, म्हणजे डोसनंतरची सर्वोच्च लेव्हल, हवी असते, कारण ही औषधं पीकच्या जोरावर मारतात.

म्हणून अमिकासिनमध्ये ट्रफची भूमिका वेगळी आहे. तो जास्त आला तर डोसमधलं अंतर वाढवायलाच हवं. ५च्या वर नको असं बहुतेक ठिकाणी मानतात, जेंटामायसिनचा १च्या वर नको. पण तो कमी आला म्हणून औषध सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही. या औषधाची इजा खरं तर दिवसांवर चालते. पहिले तीन-चार दिवस सहसा काही दिसत नाही, पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आसपास क्रिएटिनिन सरकू लागतं. आणि लघवी कमी होत नाही, उलट बऱ्याचदा भरपूर होते, कारण इजा नलिकेला आहे आणि पाणी परत खेचण्याचं काम बिघडलेलं असतं. लघवी छान होतेय, किडनी ठीक आहे, हे वाक्य या औषधाबाबत मी ऐकून घेत नाही.

आपल्या बाईंच्या बाबतीत आधी बोललं ते पोटॅशियम. चौथ्या दिवशी ३.४, सहाव्या दिवशी ३.१. मॅग्नेशियम पाठवलंच नव्हतं, पाठवलं तर तेही कमी आलं. पोटॅशियमचं सिरप सुरू झालं होतं, पण ते कमी का होतंय हे कुणी विचारलं नव्हतं. नलिका क्षार राखू शकत नव्हती, तेच कारण. जुलाब नाहीत, लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड नाही, आणि अमिकासिनवर पोटॅशियम गळतंय, तर मी ते किडनीचं पहिलं तक्रारपत्र समजतो.

व्हँकोमायसिनही त्याच सुरुवातीच्या नलिकेला त्रास देतं, पण वेगळ्या वाटेनं. पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण येतो, आणि बायोप्सीत काही वेळा औषध आणि युरोमोड्युलिन नावाचं लघवीतलं प्रथिन मिळून बनलेले साचे नलिकेत अडकलेले दिसतात. दोन औषधं एकत्र असली की इजेची शक्यता एकट्या औषधापेक्षा जास्त. याबद्दल फारसा वाद नाही. व्हँकोमायसिनबरोबर पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम दिल्यावर क्रिएटिनिन वाढतं, त्याबद्दल मात्र आहे. त्यातला काही भाग खरी इजा नसून क्रिएटिनिन लघवीत सोडण्यात आलेला अडथळा असावा असं मानायला जागा आहे. अशा वेळी सिस्टॅटिन सी, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी दुसरी रक्ततपासणी, करून बघावं. तेही वाढलं असेल तर इजा खरी धरावी.

तर सहाव्या दिवशी दुपारी काय केलं ते सांगतो, यातच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

पहिलं, अमिकासिन थांबवलं. माझ्या मते त्या दिवशी केलेल्या सगळ्या गोष्टींपेक्षा हीच मोठी होती, आणि ती तीन दिवस आधी व्हायला हवी होती. लेव्हल कितीही सांभाळल्या तरी नको असलेलं औषध बंद करण्याची सर त्याला येत नाही. तेव्हापासून आमच्याकडे अमिकासिन किंवा जेंटामायसिन अंदाजानं सुरू केलं की ऑर्डरवरच तीन दिवसांनंतरची तारीख लिहिली जाते. त्या तारखेला पुन्हा सही केली नाही तर चौथा डोस फार्मसीतून निघत नाही. सुरुवातीला सर्जन मंडळी चिडली, आता सवय झाली आहे.

दुसरं, व्हँकोमायसिन थांबवलं नाही. रक्तातल्या एमआरएसएला किमान दोन आठवडे उपचार लागतात, मधेच खंड परवडत नाही. डोस ७५० मिलिग्रॅमवर आणला, दर बारा तासांनी. हिशोब साधा होता. २००० मिलिग्रॅमला एयूसी ६५० येत असेल तर १५००ला ४९०च्या जवळपास येईल. मी मुद्दाम ५५०वर न ठेवता थोडं खाली ठेवलं, कारण किडनी अजून उतरणीला असणार आणि उद्या हाच डोस आजच्यापेक्षा जास्त पडणार. डॅप्टोमायसिनचाही विचार झाला. फुप्फुसात संसर्ग असता तर ते चाललंच नसतं, कारण फुप्फुसातला सर्फॅक्टंट ते निकामी करतो. इथे फुप्फुस साफ होतं, त्यामुळे तो पर्याय हाताशी ठेवला. क्रिएटिनिन दीडच्या वर गेलं तर बदलायचं ठरलं.

तिसरं, चार्टचं मागचं पान. तिथे गरज पडल्यास द्यायची औषधं असतात. पाठदुखीसाठी डायक्लोफेनॅकची दोन इंजेक्शनं गेली होती, एक चौथ्या दिवशी, एक पाचव्या दिवशी रात्री. रात्रीच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलेली. किडनीच्या गाळणीत रक्त खेळतं ठेवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन लागतात, आणि डायक्लोफेनॅक त्यांचंच उत्पादन रोखतं. नलिका दुखावलेली असताना तिचा रक्तपुरवठाही आवळला गेला. पॅरासिटॅमॉलवर भागलं असतं. हे पान डॉक्टरांआधी सिस्टरच्या हातात असतं, त्यामुळे इथे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त किडन्या वाचवू शकता.

चौथं, पाणी. बाईंची जीभ कोरडी होती, ताप होता, खाणं-पिणं नगण्य आणि लघवी अडीच लिटर. जाणारं जास्त आणि येणारं कमी. सलाइन वाढवलं, रोज वजन घ्यायला सांगितलं. लघवी वाढावी म्हणून फ्युरोसेमाइड द्यायचा मोह काही जणांना होतो. अंगात पाणी साचलेलं नसेल तर त्यानं किडनीचं भलं होत नाही, उलट कोरडेपणा वाढतो, आणि अमिकासिनबरोबर ते कानांनाही अपायकारक आहे. दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रास्ट देऊन सीटी ठरला होता, तो पाच दिवस पुढे ढकलता आला.

पहिल्याच दिवशी १५०० मिलिग्रॅम दिल्यामुळे हे झालं का, असं एकानं विचारलं. नाही. पहिला मोठा डोस शरीरातल्या जागेसाठी असतो, किडनीच्या क्षमतेसाठी नाही. साधारण २० ते ३५ मिलिग्रॅम प्रति किलो, आणि किडनी कमजोर असली तरी तो सहसा कमी करत नाहीत, कारण रिकामी टाकी भरायला तेवढंच पाणी लागतं, तोटी किती उघडी आहे यानं त्यात फरक पडत नाही. पुढचे रोजचे डोस मात्र त्या तोटीवर ठरतात. ते १ ग्रॅमला तासभर लावून देण्याचा नियम किडनीसाठी नसून अंग लाल होऊन खाज येते, रक्तदाब पडतो, त्यासाठी आहे.

पुढे काय झालं? अमिकासिन बंद करूनही क्रिएटिनिन सातव्या दिवशी १.१, आठव्या दिवशी १.२, नवव्या दिवशी १.३ झालं. नातेवाईक विचारू लागले, औषध बंद केलं तरी वाढतंय कसं? पेशींत साठलेलं निघायला वेळ लागतो, हे वर आलंच आहे. मुलाला मी तेच सांगितलं, आणि हेही सांगितलं की आणखी दोन दिवस वाढलं तरी घाबरू नका. आठव्या दिवशी पुन्हा दोन नमुने घेऊन व्हँकोमायसिन ५०० मिलिग्रॅमवर आणलं. दहाव्या दिवशी क्रिएटिनिन १.३वरच थांबलं, मग हळूहळू उतरलं. उतरू लागल्यावर डोस परत वाढवावा लागला. हेही विसरतात, किडनी सुधारते आणि औषध कमी पडू लागतं. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन ०.९.

ही पद्धत सगळ्यांना तशीच लागू होत नाही. डायलिसिसवरच्या रुग्णात डायलिसिसच्या आधीची लेव्हल बघून डोस ठरतो. सेप्सिसच्या पहिल्या दिवशी किडनी तासागणिक बदलत असते, तेव्हा वरचं बारा तासांचं गणित स्थिर धरून करता येत नाही, पहिल्या डोसनंतरच लेव्हल बघून पुढचा डोस सोडावा लागतो. आणि ज्याचे स्नायू फार झिजले आहेत अशा म्हाताऱ्या माणसाचं ०.५ क्रिएटिनिन बघून मोठा डोस देऊ नये. त्याचं क्रिएटिनिन कमी आहे ते किडनी उत्तम आहे म्हणून नव्हे, तर ते तयारच कमी होतं म्हणून.

तुमच्या कामापुरतं सांगायचं तर नळीवर मला तीन गोष्टी लिहिलेल्या हव्या असतात: इन्फ्यूजन सुरू झाल्याची खरी वेळ, रक्त काढल्याची खरी वेळ आणि रक्त कुठून काढलं. डोस उशिरा लागला असेल तर ट्रफ घेण्याआधी फोन करा, आपण नमुन्याची वेळ सरकवू. रक्त काढून झाल्यावर लक्षात आलं तरी फेकू नका, खरी वेळ लिहून पाठवा, मला त्यातूनही काढता येतं. आणि अमिकासिन चालू असलेल्या रुग्णाला रोज एकदा विचारा, कानात आवाज येतो का, उठल्यावर तोल जातो का. किडनीच्या त्या पेशी पुन्हा उगवतात, आतल्या कानाच्या उगवत नाहीत. या बाईंनी सहाव्या दिवशी नाही म्हटलं होतं. तरी घरी जाण्याआधी त्यांची ऑडिओमेट्री करून घेतली, आणि ती ठीक आली.